आपल्या डोमेनवर कोणी प्रमाणपत्र काढले?

ब्राउझर एखाद्या बँकेचे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा समोरचा सर्व्हर त्याला डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो. त्यात डोमेनचे नाव, मुदत आणि सर्व्हरची सार्वजनिक किल्ली असते, आणि या सगळ्यावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. ब्राउझर जगभरच्या अनेक संस्थांच्या सह्या मान्य करतो. अडचण अशी की यांतली जवळपास कोणतीही संस्था कोणत्याही डोमेनसाठी प्रमाणपत्र देऊ शकते. पुण्यातल्या कंपनीने जिचे नावही कधी ऐकलेले नाही, अशा परदेशी संस्थेने चुकून किंवा फसवणुकीला बळी पडून त्या कंपनीच्या डोमेनचे प्रमाणपत्र तिसऱ्याच माणसाला दिले, तर ते खऱ्याइतकेच चालते. ते ज्याच्या हाती असेल आणि ज्याला ग्राहकाच्या वाटेत शिरता येईल, तो ग्राहक आणि कंपनी यांच्यामध्ये बसून सगळा मजकूर वाचू शकतो. ब्राउझरमधले कुलपाचे चिन्ह तसेच राहते.

असे प्रकरण भारतातही घडले आहे. जुलै २०१४मध्ये गूगलच्या लक्षात आले की नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसीच्या अखत्यारीतून गूगलच्या काही डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेली आहेत. एनआयसीला हा अधिकार देणाऱ्या केंद्र सरकारच्या नियंत्रक कार्यालयाने चौकशी करून सांगितले की प्रमाणपत्रे देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली होती आणि अशी चारच प्रमाणपत्रे निघाली. गूगलच्या हाती मात्र त्या चारांत नसलेली प्रमाणपत्रेही होती. एकूण किती निघाली याचा हिशेब लागेना, कारण दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची बाहेरच्या कोणालाही तपासता येईल अशी यादीच नव्हती. अखेर क्रोमने त्या नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनांपुरता मर्यादित केला.

ही उणीव भरून काढणारी व्यवस्था तेव्हा नुकतीच उभी राहत होती. तिचे नाव सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी. गूगलमधल्या अभियंत्यांनी मांडलेला तिचा आराखडा २०१३मध्ये आरएफसी ६९६२ म्हणून प्रसिद्ध झाला. कल्पना साधी आहे: प्रमाणपत्र दिले की ते सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये चढवायचे. लॉगची रचना अशी असते की त्यात फक्त भर घालता येते. जुनी नोंद कोणी खोडली किंवा बदलली, तर गणिती पडताळणीत ते उघड होते. लॉग नोंदीची पोचपावती देतो आणि ती प्रमाणपत्रातच गुंफली जाते. एप्रिल २०१८नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसोबत अशा पावत्या नसतील तर क्रोम ती स्वीकारत नाही. ॲपलनेही त्याच वर्षी तसाच नियम केला. त्यामुळे लोकांच्या ब्राउझरात चालवायचे खोटे प्रमाणपत्रसुद्धा आधी चारचौघांत नोंदवावे लागते.

पण लॉग कोणाला अडवत नाही. जमिनीच्या फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, पण ती वाचून हरकत घ्यायची ती जमीनमालकानेच. इथेही तसेच आहे. डोमेनचा मालक लॉग पाहत नसेल, तर नोंद असून नसल्यासारखी.

एकदा पाहणे सोपे आहे. `crt.sh` या संकेतस्थळावर `%.example.com` असे शोधले की त्या डोमेनच्या उपडोमेनांची लॉगमध्ये आलेली प्रमाणपत्रे दिसतात. प्रत्येकाची नावे, देणारी संस्था, अनुक्रमांक आणि तारखा समोर येतात. बहुतेक कंपन्यांना या पहिल्याच यादीत स्वतःच विसरलेले सर्व्हर सापडतात. रोजची पाळत मात्र प्रोग्रामवर सोपवावी लागते. सर्टस्पॉटरसारखी मुक्त स्रोत साधने लॉगमधल्या नव्या नोंदी सतत वाचतात आणि दिलेल्या डोमेनचे नाव दिसले की इशारा पाठवतात. त्यांच्या यादीत `.example.com` असे सुरुवातीच्या टिंबासह लिहिले की सगळी उपडोमेनेही त्यात येतात. इशारा तत्क्षणीच येईल असे नाही. पावती दिल्यानंतर नोंद प्रत्यक्ष उघड करायला लॉगला २४ तासांपर्यंत मुभा असते. शिवाय एकाच प्रमाणपत्राच्या दोन नोंदी दिसू शकतात. पावत्या गुंफण्यासाठी आधी एक पूर्वप्रत नोंदवली जाते आणि अंतिम प्रत नंतर येते. देणारी संस्था आणि अनुक्रमांक एकच असेल तर त्या दोन्ही नोंदी एकच धरायच्या.

खरे काम इशारा आल्यानंतरचे आहे. हे प्रमाणपत्र आपलेच आहे का, हे ठरवायचे कसे? संस्थेच्या नावावरून ते ठरत नाही, कारण लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून कंपनीही प्रमाणपत्र घेते आणि हल्लेखोरही घेऊ शकतो. भरवशाची खूण म्हणजे प्रमाणपत्रातली सार्वजनिक किल्ली. कंपनीच्या सर्व्हरवर तयार झालेल्या प्रत्येक किल्लीचा ठसा नोंदवून ठेवला असेल, तर लॉगमधली किल्ली त्या यादीत आहे की नाही एवढेच पाहावे लागते. यादीत नसेल, तर ती जोडीची खासगी किल्ली दुसऱ्या कोणाच्या तरी हाती आहे. तो दुसरा कोणी बहुतेक वेळा घरचाच निघतो. २०१६मध्ये फेसबुकच्या पाळतीत `fb.com`च्या काही उपडोमेनांची लेट्स एन्क्रिप्टने दिलेली दोन प्रमाणपत्रे सापडली. सुरक्षा विभागाला त्यांची कल्पना नव्हती. चौकशीत कळले की कंपनीच्याच दुसऱ्या गटाने एका होस्टिंग पुरवठादाराला ती घ्यायला परवानगी दिली होती, पण कोणाला कळवले नव्हते. काही तासांतच ती रद्द झाली.

पाळत नसली तर काय होते, हे `jabber.ru` या रशियन संदेशसेवेच्या प्रकरणात दिसते. तिचे सर्व्हर जर्मनीत हेट्झनर आणि लिनोड या होस्टिंग कंपन्यांकडे होते. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सेवा जोडताना प्रमाणपत्राची मुदत संपल्याचा संदेश येऊ लागला. व्यवस्थापकाने सर्व्हर उघडून पाहिला, तर तिथल्या फाइलमध्ये चालू मुदतीचे प्रमाणपत्र होते. सर्व्हर एक देत होता आणि बाहेरच्या माणसाला दुसरेच मिळत होते. याचा अर्थ एकच निघत होता: वाटेत कोणीतरी बसले होते आणि स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करत होते. त्या वाटेतल्या माणसाने आपल्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण केले नव्हते, एवढ्यावरून प्रकार उघडकीस आला.

मग लॉग तपासले. सर्व्हरने कधीच मागवली नव्हती अशी लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे तिथे होती आणि सर्वांत जुनी नोंद १८ एप्रिल २०२३ची होती. म्हणजे सुमारे सहा महिने ती सगळ्यांसमोर पडून होती. लेट्स एन्क्रिप्टची यात चूक नव्हती. डोमेन मागणाऱ्याच्या ताब्यात आहे की नाही हे पाहण्यासाठी ती संस्था त्या सर्व्हरकडे एक प्रश्न पाठवते आणि उत्तर बरोबर आले की प्रमाणपत्र देते. सर्व्हरच्या तोंडाशी बसलेल्याला तो प्रश्न मध्येच पकडून स्वतः उत्तर देता येते. किल्ल्यांच्या ठशांची यादी आणि एक पाळत ठेवणारा प्रोग्राम असता, तर पहिल्याच नोंदीला इशारा आला असता.

अनोळखी प्रमाणपत्र दिसले की ते रद्द करून घेण्याची घाई होते. त्याआधी ते निघाले कसे हे शोधणे जास्त गरजेचे आहे, कारण वाट उघडी राहिली तर हल्लेखोर पुढच्याच मिनिटाला दुसरे काढतो. डीएनएसचे खाते कोणाच्या हाती गेले का, हे आधी पाहावे. बंद केलेल्या क्लाउड सेवेकडे बोट दाखवणारी जुनी डीएनएस नोंद शिल्लक असेल, तर ती जागा भाड्याने घेऊन कोणीही त्या उपडोमेनचे प्रमाणपत्र काढू शकतो. ही वाट फार नेहमीची आहे आणि तिचा पहिला सुगावा अनेकदा लॉगमध्येच लागतो. कारण सापडले की देणाऱ्या संस्थेकडे अनुक्रमांकासह तक्रार करायची. पडताळणी विश्वासार्ह नव्हती असे सिद्ध झाले, तर उद्योगाच्या नियमांनुसार संस्थेला २४ तासांत प्रमाणपत्र रद्द करावे लागते. मात्र रद्द केलेले प्रमाणपत्र प्रत्येक ब्राउझर लगेच नाकारतोच असे नाही.

पुढच्या वेळी दारातच अडवण्यासाठी डीएनएसमध्ये सीएए नावाची नोंद ठेवता येते. कोणत्या संस्थेने, आणि तिच्याकडच्या कोणत्या खात्याला, प्रमाणपत्र द्यावे हे तीत लिहिता येते:

```
example.com. IN CAA 0 issue "letsencrypt.org; accounturi=https://acme-v02.api.letsencrypt.org/acme/acct/12345"
```

अशी नोंद असती, तर `jabber.ru`च्या वाटेत बसलेल्याला स्वतःच्या खात्यावरून प्रमाणपत्र मिळाले नसते. पण ती पाळायची जबाबदारी देणाऱ्या संस्थेची असते. संस्थाच चुकली तर पुन्हा लॉगकडे वळावे लागते.

आणि पाळतही चुकते. क्लाउडफ्लेअरची `1.1.1.1` या पत्त्यावरची डीएनएस सेवा जगभर वापरली जाते. क्रोएशियातल्या फिना या संस्थेने फेब्रुवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात या पत्त्यासाठी १२ प्रमाणपत्रे दिली, मालकाला न विचारता. फिनाच्या म्हणण्यानुसार ती अंतर्गत चाचणीसाठी होती आणि पत्ता चुकीचा घातला गेला. ती लॉगमध्ये दिसत होती. क्लाउडफ्लेअर स्वतः लॉग चालवते, ग्राहकांना इशारेही पाठवते, तरी तिला हे सप्टेंबर २०२५मध्ये बाहेरून कळले. तिने आपल्या उणिवा जाहीरपणे मांडल्या. इशाऱ्यांची व्यवस्था आयपी पत्त्यांच्या प्रमाणपत्रांवर चालत नव्हती. कंपनीच्या सगळ्या डोमेनांवर ती सुरूही नव्हती, कारण येणाऱ्या नोंदी इतक्या होत्या की माणसांना हाताने तपासणे शक्य नव्हते आणि नको त्या गाळण्याची सोय अपुरी होती.

हा गोंगाट वाढतच जाणार आहे. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने उतरत मार्च २०२९पासून ४७ दिवसांवर येईल. वर्षाला एकदा नूतनीकरण होणाऱ्या सर्व्हरच्या नोंदी तेव्हा वर्षाला आठ किंवा अधिक होतील. प्रत्येक नोंदीची ईमेल कोणाला तरी पाठवण्याची पद्धत मग टिकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या ईमेल न वाचता पुसल्या जातात. म्हणून नूतनीकरण करणाऱ्या प्रोग्रामनेच नव्या किल्लीचा ठसा यादीत टाकावा, पाळतीच्या प्रोग्रामने ओळखीचे ठसे गुपचूप सोडून द्यावेत आणि उरलेलीच नोंद माणसापुढे यावी. महिन्यातून एकदा कंपनीबाहेरच्या खात्यावरून चाचणी उपडोमेनचे प्रमाणपत्र मुद्दाम काढावे. एका दिवसात इशारा आला नाही, तर पाळत बंद पडली आहे हे कळते.