बघणारी शिकायला कशी येईल?

समजा, अंबाडी नाक्यावरची एक ताई यूट्यूबवर ब्लाउजचं कटिंग शिकवते. व्हिडिओ खूप जणी बघतात, पण फी भरून शिकायला कोणी येत नाही. अशा वेळी आम्ही गटात आधी एकच विचारतो: शिकायचं असेल तर पुढे काय करायचं, हे तिने व्हिडिओत सांगितलंय का? "लाइक करा, शेअर करा, क्लासला या, फोन करा" असं सगळं एका दमात सांगितलं, तर बाई त्यातलं काहीच करत नाही.

म्हणून एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगायची, आणि तीही बाई जिथे अडते तिथेच. ताईने 34 छातीचं कटिंग दाखवलं, बघणारीचं माप आहे 38. मुंढा काढताना तिचा हात थांबतो. तिथेच ताईने म्हणावं, "तुमच्या मापाचं कागदी कटिंग कापडाला कात्री लावण्याआधी तपासून हवं असेल, तर मला व्हॉट्सअ‍ॅपवर 'माप' एवढंच लिहून पाठवा." हे शेवटी सांगायला ठेवू नये. बऱ्याच जणी तोवर व्हिडिओ बंद करतात.

नंबर पडद्यावर दाखवावा आणि व्हिडिओखालच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिंक द्यावी. https://wa.me/91 याला जोडून, मध्ये जागा न सोडता, आपला दहा आकडी नंबर लिहिला की लिंक तयार होते. शॉर्ट्सखाली दिलेली लिंक मात्र दाबली तरी उघडत नाही, तिथे नंबर तोंडानेच सांगावा. नंबर सगळ्यांना दिसणार, म्हणून कामाचं सिमकार्ड वेगळं ठेवलेलं बरं.

'माप' आलं की उत्तरात चार गोष्टी असाव्यात: काय मिळेल, कधी मिळेल, फी किती, आणि "नको असेल तर उत्तर दिलं नाही तरी चालेल." हे शेवटचं वाक्य गाळू नका. नाही म्हणायची मोकळीक असली की बाई न संकोचता विचारते. "फक्त आजच" अशी खोटी घाई करू नये. उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी, मग थांबावं.

ताईने वहीत दर आठवड्याला दोन आकडे लिहावेत: किती जणींनी विचारलं आणि किती जणींनी फी भरली. कोणी विचारतच नसेल, तर व्हिडिओतलं सांगणं नीट पोचत नाही किंवा बघणारीला त्या मदतीची गरज नाही. विचारतात पण भरत नाहीत, तर फी, वेळ किंवा आपलं उत्तर तपासावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं.

आणि एक जपा. फी आपल्याकडे येताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतेय, पिन टाका" असं कोणी म्हणालं, तर ती गिऱ्हाईक नाही, फसवणूक आहे.