तुमचं सीसी खातं बँकेच्या ताळेबंदात कुठे दिसतं?

समजा, दुकानाची सीसी लिमिट 5 लाख आहे. वर्षभर 3 लाख वापरलेत, 12 टक्के व्याज दरमहा भरलंत.

बँक कर्ज किती दाखवते?
3 लाख, शेड्यूल 9 मध्ये. न वापरलेले 2 लाख तिथे येत नाहीत.

तेच 3 लाख तीनदा का दिसतात?
कर्जाचा प्रकार, तारण आणि क्षेत्र अशा तीन वाटण्या असतात. तिन्हींची बेरीज सारखीच यायला हवी. त्या एकत्र करून 9 लाख धरू नका!

तुम्ही भरलेलं व्याज?
36,000 रुपये, शेड्यूल 13, बँकेचं उत्पन्न.

तुमच्या एफडीचं व्याज?
शेड्यूल 15. तुमची कमाई, बँकेचा खर्च.

व्याज 90 दिवसांहून जास्त थकलं तर?
खातं एनपीए होतं. मग व्याज हातात आल्यावरच बँक ते उत्पन्नात धरते.