प्रमाणशीर स्तरित नमुना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाविद्यालयातील किती विद्यार्थी एसटीने ये-जा करतात हे नमुन्यावरून काढायचे असेल, तर प्रत्येक विद्याशाखेतून सारखेच विद्यार्थी निवडणे न्याय्य ठरते, ही समजूत सर्वांत रूढ आहे. समजा, एकूण 3,000 विद्यार्थ्यांपैकी वाणिज्य शाखेत 1,260, कला शाखेत 840, विज्ञान शाखेत 620 आणि संगणकशास्त्रात 280 विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी एसटीने येणारे अनुक्रमे 30, 40, 60 व 80 टक्के आहेत. संपूर्ण महाविद्यालयाचे खरे प्रमाण 43.7 टक्के येते. परंतु प्रत्येक शाखेतून 50 जण घेऊन साधी सरासरी काढली, तर उत्तर 52.5 टक्क्यांच्या आसपास जाते, कारण 280 जणांच्या शाखेला 1,260 जणांच्या शाखेइतकेच वजन मिळते. दोष सारख्या संख्येचा नसून, सरासरी काढताना शाखेच्या आकाराचा भार न देण्याचा आहे.

प्रमाणशीर वाटपात हा भार निवडीतच येतो. समष्टीचे, म्हणजे ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सर्वांचे, शाखांनुसार स्तर पाडून प्रत्येक स्तराच्या संख्येला नमुन्याच्या आकाराने गुणायचे आणि एकूण संख्येने भागायचे. 200 जणांच्या नमुन्यासाठी 84, 56, 41.33 आणि 18.67 असे आकडे येतात; अपूर्णांक सोडल्यास बेरीज 199 होते, म्हणून उरलेली एक जागा सर्वांत मोठा अपूर्णांक असलेल्या संगणकशास्त्राला देऊन तेथील 19 जण घ्यावेत.

आकडे जुळले की नमुना यादृच्छिक झाला, हाही गैरसमजच होय. वाणिज्यचे 84 जण कँटीनमध्ये भेटतील तसे गाठले, तर तो केवळ कोटा पुरा करणे ठरतो, आणि एसटी गाठण्यासाठी तास संपताच निघून जाणारेच त्यातून वगळले जातात. प्रत्येक शाखेच्या पटावरील नावांना क्रमांक देऊन यादृच्छिक संख्यांनी निवड करणे अपरिहार्य आहे.

स्तर पाडल्याने अचूकता नेहमीच पुष्कळ वाढते असेही नाही. वरील उदाहरणात सरल यादृच्छिक नमुन्याच्या तुलनेत अंदाजाचे प्रचरण, म्हणजे नमुन्यागणिक उत्तर किती हलते याचे माप, सुमारे 11 टक्क्यांनीच घटते; चारही शाखांत प्रमाण सारखेच असते, तर लाभ जवळजवळ शून्य झाला असता. स्तरांमध्ये फरक आणि स्तराच्या आत साम्य असेल, तेवढाच लाभ पदरी पडतो.

शेवटचा गैरसमज अधिक महागात पडतो, तो असा की एकाच नमुन्यावरून प्रत्येक शाखेविषयी स्वतंत्र निष्कर्षही खात्रीने काढता येतो. संगणकशास्त्राच्या 19 जणांवरून काढलेल्या टक्केवारीची प्रमाणित त्रुटी जवळपास 9 टक्के-बिंदूंची असल्याने खऱ्या 80 टक्क्यांऐवजी 65 किंवा 95 टक्केही सहज दिसू शकतात. त्या शाखेचे स्वतंत्र उत्तर हवे असेल, तर तेथून मुद्दाम जास्त विद्यार्थी घ्यावेत आणि महाविद्यालयाची एकत्रित टक्केवारी काढताना प्रत्येक शाखेला तिच्या पटसंख्येचा भार द्यावा.