घरचा मसाला ऑनलाइन विकायला जीएसटी नंबर लागतो का? आकडा ४० लाखांचा, पण गाठ राज्याच्या हद्दीशी

चंदगड : घरी कांदा-लसूण चटणी, पापड, काजू करून विकणाऱ्या आपल्या भागातल्या बऱ्याच बायकांना आता ऑनलाइन विकायचं आहे. मोबाईलवर विक्रेता म्हणून नाव घालायला गेलं की तिसऱ्या-चौथ्या पानावर गाडी अडते. तिथं जीएसटी नंबर मागतात. मग कोण सांगतं, “४० लाखांपर्यंत काही लागत नाही”, आणि कोण सांगतं, “ऑनलाइनला पहिल्या रुपयापासून लागतो”. दोघंही अर्धं खरं सांगतात.

जीएसटी कायद्यात नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे. पण त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात अशा लोकांची यादी आहे, ज्यांना ही मर्यादा लागूच होत नाही. ऑनलाइन बाजारातून करपात्र माल विकणारा त्या यादीत होता. म्हणजे गावच्या आठवडी बाजारात ३० लाखांचा माल विकला तरी नोंदणी नको, आणि मोबाईलवरून ३०० रुपयांचं एक पाकीट विकलं की नोंदणी हवी, असा प्रकार होता. “पहिल्या रुपयापासून” हा सल्ला तिथला आहे. तो तेव्हा बरोबर होता.

१ ऑक्टोबर २०२३ पासून यात सवलत आली. केंद्राच्या ३४/२०२३ या अधिसूचनेनुसार मर्यादेच्या आतला छोटा विक्रेता जीएसटी नंबर न घेताही ऑनलाइन बाजारातून माल विकू शकतो. मात्र त्याला अटी आहेत, आणि त्या नीट वाचल्या तर कळतं की घरगुती विक्रेत्याला ४० लाखांचा आकडा अडवत नाही. अडवते ती राज्याची हद्द.

पहिली अट हीच. माल राज्याबाहेर जाता कामा नये. चंदगडहून गडचिरोलीला पार्सल गेलं तरी ते राज्यातलं. पण इथनं बेळगावला, जिथं आपण बाजाराला आणि दवाखान्याला जातो, तिथं अर्धा किलो चटणी पाठवली तर ती आंतरराज्य विक्री. गोव्याचंही तसंच. करपात्र माल परराज्यात विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. ही गोष्ट ऑनलाइन बाजारापुरती नाही. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन कुरिअरनं माल बेळगावला धाडला, तरी नियम तोच. आपल्यासारख्या सीमेवरच्या तालुक्यात याची चूक सगळ्यात सहज होते, कारण आपल्याला बेळगाव परकं वाटतच नाही.

दुसरी अट पॅन कार्डाची. तिसरी अट अशी, की विक्री सुरू करायच्या आधी जीएसटीच्या `gst.gov.in` या संकेतस्थळावर आपला पॅन, धंद्याचा पत्ता आणि ज्या राज्यात विकायचं ते राज्य जाहीर करायचं. पॅनची पडताळणी झाली की एक नावनोंदणी क्रमांक मिळतो. यालाच एनरोलमेंट नंबर म्हणतात. त्याला सरकारी फी नाही. हा जीएसटी नंबर नव्हे. यावर कर गोळा करायचा नाही, बिलात कर दाखवायचा नाही आणि महिन्याची विवरणपत्रंही भरायची नाहीत. एका राज्यात एका पॅनला असा एकच क्रमांक मिळतो, आणि एकाहून जास्त राज्यांत या पद्धतीनं विकता येत नाही. पत्ता घरचा चालतो, फक्त पॅनवरचं नाव आणि भरलेलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. कार्डावर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, अशी आपल्याकडं नेहमीची भानगड असते. ती आधी मिटवून घ्या, नाहीतर क्रमांक मिळूनही बाजाराच्या खात्यावर पैसे अडकतील.

क्रमांक हातात आला म्हणजे प्रत्येक ठिकाणी दार उघडेलच असं नाही. मीशोवर अशा क्रमांकावर खातं काढता येतं. पण जे ऑनलाइन बाजार स्वतःच्या नियमानं जीएसटी नंबरच मागतात, त्यांना कायदा सक्ती करत नाही. म्हणून आधी कुठं विकायचं ते ठरवा, तिथं हा क्रमांक चालतो का बघा, मगच पुढच्या खटपटीत पडा. क्रमांकावर विकणाऱ्याचा माल परराज्यात जाऊ न देण्याची जबाबदारी त्या कंपनीवरही टाकलेली आहे. तरी पहिल्या काही ऑर्डरींचे पत्ते स्वतः तपासलेले बरे.

आता नोंदणी घेतली तर काय होतं, ते हिशेबानं बघू. समजा, एक ताई वर्षाला साडेपाच लाखांची चटणी विकतात. त्यातली साडेतीन लाखांची गावात, बाजारात आणि फोनवरच्या ऑर्डरींवर जाते. दोन लाखांची ऑनलाइन, पण राज्यातच. एनरोलमेंट नंबरवर त्यांचा कर शून्य. उद्या त्यांनी बेंगळुरूच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणून जीएसटी नंबर घेतला, तर कर फक्त बेंगळुरूच्या पाकिटांवर लागत नाही. तो सगळ्या विक्रीवर लागतो, आठवडी बाजारातल्या चटणीवरसुद्धा. नंबर घेतला की ४० लाखांची मर्यादा आपल्यापुरती संपली.

मसाल्यावर ५ टक्के कर आहे. गिऱ्हाईक भाव वाढवून देत नसेल तर तो आपल्याच भावातून काढावा लागतो. साडेपाच लाखांतून तो सुमारे २६,२०० रुपये होतो. यातून खरेदीवर भरलेला कर वजा करता येतो. पाकिटं आणि लेबलं ३०,००० रुपयांची असतील तर १८ टक्क्यांनी ५,४००, आणि ऑनलाइन बाजाराचं कमिशन व पोहोचवणावळ ४०,००० असेल तर ७,२००, दोन्ही मिळून १२,६००. पण मुख्य खर्च मिरचीचा. ती शेतकऱ्याकडून किंवा नोंदणी नसलेल्याकडून घेतली तर तिथं वजा करायला काही नाही. म्हणजे हातातून जातात साधारण १३,६०० रुपये. त्यावर विवरणपत्रं भरून देणाऱ्याची फी वेगळी. विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावंच लागतं, आणि शून्याचं राहिलं तरी दिवसाला २० रुपये दंड चढतो, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाकडून वर्षाला तीस-चाळीस हजार जादा सुटणार असतील तर नोंदणी परवडते. महिन्याला पाच पाकिटं जाणार असतील तर नाही.

यात मधली वाट म्हणून कोणी कंपोझिशन योजना सुचवेल. माल तयार करणाऱ्याला त्यात उलाढालीच्या १ टक्का भरावा लागतो, म्हणजे वरच्या ताईंना ५,५००. ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवाल्यालाही ऑनलाइन विकता येतं, पण राज्यातच. परराज्याचा प्रश्न तिथं सुटत नाही. जीएसटी नंबरच हवा असा हट्ट धरणाऱ्या बाजारावर राज्यातल्या राज्यात विकायचं असेल, तेवढ्यापुरती ती कामाची.

पापडाची गोष्ट निराळी आहे. पापड करमुक्त आहे. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही, मग तो ऑनलाइन विको की परराज्यात धाडो. पण “फक्त” या शब्दावर सगळं आहे. पापडाच्या जोडीला चटणीचं एक पाकीट ठेवलं की ही सूट गेली. स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्यालाही त्या मालापुरती नोंदणी नको. आपल्या काजूचं मात्र ध्यानात ठेवा. शेतातली काजू बी ही शेतमाल. तीच फोडून, भाजून, मीठ लावून पाकिटात भरली की तो तयार माल झाला, झाड आपलं असलं तरी.

४० लाखांचा आकडा मग कधी कामाला येतो? बचत गट किंवा चांगला चाललेला घरगुती धंदा तिथवर पोचायला लागला की. तेव्हा मोजायचं काय, यात दोन ठिकाणी गफलत होते. एक म्हणजे लोक बँकेत जमा झालेले पैसे मोजतात. कंपनीनं कमिशन आणि पोहोचवणावळ कापून २३० रुपये धाडले, पण गिऱ्हाइकानं पाकिटाला ३०० मोजले असतील तर उलाढाल ३०० ची धरायची. परत आलेला माल वजा होतो, कमिशन होत नाही. दुसरं, उलाढाल पॅनवर मोजली जाते. एकाच पॅनवर तीन ऑनलाइन बाजार, गावातलं दुकान आणि करमुक्त पापड असेल तर सगळं एकत्र. नवरा-बायकोचे पॅन वेगळे तर हिशेब वेगळे. बचत गटाचा स्वतःचा पॅन असेल तर गटाचा हिशेब सभासदांपासून वेगळा.

शिवाय ४० लाख ही सवलत नुसता माल विकणाऱ्यांनाच आहे. घरी डंक असेल आणि चटणी विकण्याबरोबर लोकांची मिरची मजुरीवर कुटून देत असाल, तर ती मजुरी सेवेत मोडते. तिथं मर्यादा ४० ची २० लाख होते. हे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.

एक धोका आपल्याकडं सर्रास दिसतो. भाच्याचा किंवा शेजारच्या दुकानदाराचा जीएसटी नंबर घालून खातं काढायचं. तसं केलं तर तुमची सगळी विक्री त्याच्या नावावर चढते, कर त्याच्याकडं मागितला जातो आणि नोटीसही त्यालाच येते. फुकटात स्वतःचा क्रमांक मिळत असताना हे कशाला?

मर्यादा ओलांडली, किंवा परराज्यात विकायचं ठरवलं, तर नोंदणीचा अर्ज जबाबदारी लागू झाल्यापासून ३० दिवसांत करायचा. वेळेत केला तर नोंदणी त्या दिवसापासूनची धरली जाते. नंबर मिळून नोंदणी लागू झाली की जुना एनरोलमेंट क्रमांक त्या तारखेपासून बाद होतो. तेव्हा ऑनलाइन बाजाराच्या खात्यात नवा नंबर त्याच दिवशी घालावा. त्यानंतर कंपनी प्रत्येक विक्रीतून अर्धा टक्का जीएसटी कापून भरते. तो बुडत नाही, पोर्टलवर आपल्या खात्यात दिसतो आणि कर भरताना वापरता येतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती याहून वेगळी, आणि ४० लाखांशी तिचा काही संबंध नाही.