घासाबरोबरची कॅप्सूल

स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेत एक विचित्र वळण येतं. वर्षानुवर्षं जेवलं की वरच्या पोटात उठणारी, थेट पाठीत घुसणारी कळ काही जणांमध्ये हळूहळू कमी होते. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसायची सवय सुटते. घरच्यांना वाटतं, माणूस बरा झाला. त्याच सुमारास त्याची पॅन्ट सैल व्हायला लागते आणि संडासात पाणी टाकूनही मळ नीट वाहून जात नाही. दुखणं कमी झालेलं असलं, तरी आजार तिथेच असतो. स्वादुपिंडाचा बराचसा भाग आता कामातून गेलेला असतो.

जठराच्या मागे आडवा असलेला हा अवयव दोन कामं करतो. एक, अन्न पचवणारे रस आतड्यात सोडणं. दुसरं, इन्सुलिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरकं रक्तात सोडणं. वारंवार सूज येऊन गेली की त्याच्या जागी घट्ट, निर्जीव पेशीजाल तयार होतं, कधी नळीत खडे साचतात. दारू आणि तंबाखूचं धूम्रपान ही मोठी कारणं आहेत, पण आपल्याकडे असे कितीतरी रुग्ण आहेत ज्यांनी कधी दारूला हात लावलेला नाही. त्यांच्यात काहींमध्ये जनुकीय दोष सापडतो, काहींमध्ये कारण हाती लागत नाही. ‘पीत असेल’ असं परस्पर ठरवून टाकणारे नातेवाईक या रुग्णांचं दुखणं आणखी वाढवतात.

या अवयवात राखीव ताकद मोठी असते. चरबी पचवणारं लायपेज नेहमीच्या साधारण एक दशांशाखाली घसरेपर्यंत शौचात तेल दिसत नाही. म्हणूनच तेलकट मळ हे उशिरा येणारं लक्षण आहे. मळ फिकट, भरपूर, चिकट आणि उग्र वासाचा असतो, पाण्यावर तवंग दिसतो. नुसतं तरंगणं मात्र खात्रीचं नाही, गॅसमुळे निरोगी माणसाचा मळही तरंगतो. शौचातल्या इलास्टेजची तपासणी याचा अंदाज देते. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर सहसा ठीक, १००च्या खाली असेल तर कमतरता बरीच. पातळ जुलाबाचा नमुना दिला तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. कॅप्सूल चालू असतानाही ही तपासणी करता येते, कारण ती माणसाचंच इलास्टेज मोजते.

आता एक उदाहरण घेऊ. सांगलीकडचा एक इलेक्ट्रिशियन, वय ३६, आठ वर्षांचा जुना आजार, वर्षभरात नऊ किलो वजन घटलेलं. त्याला एन्झाइमची कॅप्सूल सुरू झालेली होती, तरी फरक नव्हता. चौकशी केल्यावर कळलं, तो १०,००० युनिटची एक कॅप्सूल दिवसातून तीनदा, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने घेत होता. इतर गोळ्या ‘जेवणानंतर’ घ्यायच्या, म्हणून हीसुद्धा. वर तेल-तूप पूर्ण बंद.

यात तीन चुका आहेत आणि तिन्ही सर्रास होतात. पहिली वेळेची. ही कॅप्सूल औषध म्हणून रक्तात जात नाही, ती अन्नात मिसळायची असते. जठर अन्न थोडं थोडं पुढे सोडतं. कॅप्सूलमधले बारीक दाणे त्याच अन्नासोबत लहान आतड्यात पोचले तरच उपयोग. जेवण संपून अर्धा तास झाला की अन्नाचा काही भाग न पचताच पुढे गेलेला असतो. म्हणून पहिल्या दोन-तीन घासांबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर एक, असं वाटून घ्यावं. गार पाण्याबरोबर गिळावी, चावू नये, गरम चहाबरोबर नको. दाण्यांवरचं आवरण त्यांना जठरातल्या आम्लापासून वाचवतं. ते मोडलं की आतलं एन्झाइम वाया जातं.

दुसरी चूक मात्रेची. मोठ्या माणसाला मुख्य जेवणासाठी सुरुवातीला ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज लागतं, मधल्या खाण्यासाठी त्याच्या निम्मं. त्याला २५,०००च्या कॅप्सूल दिल्या: दुपारी आणि रात्री दोन-दोन, सकाळच्या पोह्यांना एक आणि संध्याकाळी शेंगदाण्यांचा लाडू खाल्ला तर एक. फळाला किंवा कोऱ्या चहाला लागत नाही, मोठ्या ग्लासभर दुधाला लागते. मात्रा दिवसाला नव्हे, ताटाला बांधलेली असते. लग्नाच्या पंगतीत ती वाढते.

तिसरी चूक तेलबंदीची. योग्य मात्रा मिळत असेल तर नेहमीचं जेवण जेवावं. चरबी तोडली की उष्मांक तुटतात आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं आणखी कमी पडतात. ‘ड’च्या कमतरतेने हाडं ठिसूळ होतात, ते लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

एवढं करूनही मळ तेलकटच राहिला तर? आधी कॅप्सूल खरोखर घेतल्या जातात का आणि उन्हाळ्यात तापलेल्या ठिकाणी ठेवल्या होत्या का, ते पाहावं. नंतर आम्ल कमी करणारी गोळी जोडतात. स्वादुपिंड आम्ल शमवणारं बायकार्बोनेटही तयार करत असतं. ते नसलं की आतड्यात आम्लता टिकते, आणि दाण्यांचं आवरण वेळेवर विरघळत नाही. या कॅप्सूलने दुखणं थांबेल अशी मात्र अपेक्षा ठेवू नये. खड्याने नळी अडली असेल तर दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेने वाट मोकळी करावी लागते.

एक गोष्ट डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. हे एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून मिळतं. शाकाहारी किंवा मुस्लिम घरात हे नंतर कळलं, तर औषध गुपचूप बंद होतं. आधी कळलं तर माणूस विचार करून, घरच्यांशी आणि धर्मातल्या जाणत्यांशी बोलून ठरवू शकतो. अजीर्णासाठी मिळणाऱ्या साध्या पाचक गोळ्या-सिरप याची जागा घेऊ शकत नाहीत.

कॅप्सूल बरोबर सुरू होऊन इलेक्ट्रिशियनचं वजन वाढायला लागलं. पाठोपाठ उपाशीपोटीची शुगर १६० आली. स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशीही त्याच सुजेत नष्ट होत जातात, अनेकदा उशिरा. शिवाय अन्न आता नीट पचत असल्याने आधी झाकलेली शुगर दिसू लागते. म्हणून या आजारात दरवर्षी उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी तपासतात.

हा मधुमेह नेहमीच्या ‘टाइप २’सारखा नाही. इथे ग्लुकागॉनही कमी पडतं, आणि तेच शुगर उतरली की तिला वर आणतं. त्यामुळे शुगर एकदम आणि खोल पडू शकते. सौम्य असेल तर मेटफॉर्मिन चालतं, पण पुष्कळांना इन्सुलिन लागतंच. स्वादुपिंडाला सूज येण्याची शंका असलेली काही नवी मधुमेहाची औषधं इथे टाळतात.

धोक्याचा खरा प्रसंग असा: इन्सुलिन टोचलं, जेवलं, कॅप्सूल घरीच राहिली. अन्न पोटात आहे पण पुरेसं पचत नाही, इन्सुलिन मात्र काम करतंय. हात थरथरले, घाम फुटला, बोलणं अडखळलं तर लगेच ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून द्यावी. तिला पचवायला एन्झाइम लागत नाही. चॉकलेट किंवा पेढा देण्यात वेळ जातो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि कॅप्सूल, इन्सुलिन नीट चालू असूनही वजन पुन्हा घसरू लागलं, किंवा कावीळ दिसली, तर वाट न बघता स्कॅन करून घ्यावा. जुन्या सुजेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.