हाडाची सावली : एक्स-रे कसा सापडला?

आपल्या पारनेरच्या वस्तीतलं एखादं पोर चिंचेवरून पडलं आणि मनगट सुजलं, की डॉक्टर आधी एक्स-रे काढायला सांगतात. सव्वाशे वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. डॉक्टर बोटांनी चाचपून हाड मोडल्याचा अंदाज करीत.

जर्मनीतल्या व्यूर्ट्सबर्ग शहरात विल्हेल्म राँटगेन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडून ते प्रयोग करीत. ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी त्यांनी नळी काळ्या कागदाने झाकली होती आणि खोलीत अंधार केला होता. तरीही थोड्या अंतरावरचा, रसायनाचा लेप दिलेला पुठ्ठा चमकला. नळी बंद केली की चमकही जाई.

योगायोग एवढाच. पुढचे जवळजवळ सात आठवडे त्यांनी पडताळणी केली. हे अदृश्य किरण लाकडातून आणि जाड पुस्तकातून पार जात, पण शिसं त्यांना अडवी. हात मध्ये धरला तर मांसातून ते सहज जात, हाडातून कमी जात, कारण हाडात कॅल्शियम असतं. म्हणून हाडाची सावली पडे. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं. त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. किरणांचं स्वरूप कळेना, म्हणून गणितातल्या अज्ञात संख्येसारखं ‘एक्स’ नाव दिलं.

अशा नळ्या अनेक प्रयोगशाळांत आधीच होत्या आणि राँटगेन यांनी पेटंट घेतलं नाही. म्हणून ही पद्धत झपाट्याने पसरली. जानेवारी १८९६ मध्ये अमेरिकेतल्या हॅनोव्हर गावात चौदा वर्षांचा एडी मॅकार्थी बर्फावर घसरला. ३ फेब्रुवारीला तिथल्या कॉलेजात त्याचं मनगट किरणांखाली सुमारे वीस मिनिटं ठेवलं, तेव्हा मोड दिसली. शोधाला तीन महिनेही झाले नव्हते.

त्या घाईची किंमतही मोजावी लागली. किरणांनी कातडी भाजते, केस गळतात, हे उशिरा उमगलं. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांनी वर्षानुवर्षं स्वतःचे हात किरणांत धरले. कर्करोगाने १९०४ मध्ये ते गेले. आज हातापायाचा फोटो सेकंदाच्या अंशात निघतो आणि किरण फार थोडे लागतात. तरी बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर फोटोआधी ते सांगावंच.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. मनगटातल्या लहान हाडाची बारीक चीर पहिल्या दिवशी फोटोत दिसेलच असं नाही. ‘फोटो साफ आहे’ म्हटल्यावरही अंगठ्याच्या बुडाशी दाबल्यावर दुखत राहिलं, तर पुन्हा दाखवा. दहा-चौदा दिवसांनी काढलेल्या फोटोत ती चीर बहुधा उघड होते. जुना फोटोही सोबत न्या, म्हणजे दोन्ही शेजारी धरून फरक पाहता येतो.