नाव येण्याआधीचा प्रश्न

फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरातून मदतीसाठी फोन येतो. सी-वर्ल्ड या सागरी उद्यानात व्हेलने प्रशिक्षकाला खाल्लंय, असं पलीकडून सांगितलं जातं. फोन घेणाऱ्याचा विश्वास बसत नाही, तो पुन्हा विचारतो. आवाज असे घाबरेघुबरे, आणि पडद्यावर मात्र ऑर्का आणि माणसं पाण्यात सुखाने पोहताना दिसतात. गॅब्रिएला काउपर्थवेट यांच्या २०१३च्या ‘ब्लॅकफिश’ या माहितीपटाचं नाव त्यानंतर झळकतं.

या सुरुवातीला ‘कोल्ड ओपन’ म्हणतात. प्रस्तावना नाही, निवेदक नाही, प्रेक्षक एकदम प्रसंगात. इथे मृत्यू लपवलेला नाही, तो पहिल्या मिनिटातच कळतो. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न उरतच नाही. कान एक सांगतात, डोळे दुसरंच दाखवतात, आणि मनात येतं: माणसाशी इतकं खेळणारा प्राणी त्याचा जीव का घेईल?

या प्रश्नाला पूर्ण चित्रपट पेलण्याची ताकद आहे, कारण त्याचं उत्तर शोधायला मागे जावं लागतं. टिलिकम हा ऑर्का १९८३मध्ये आइसलँडजवळ पकडला गेला, तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. १९९१मध्ये कॅनडातल्या उद्यानात एका तरुण प्रशिक्षिकेचा बळी गेला, त्यातही तो होता. नावानंतर लगेच हल्ल्याचा तपशील दिला असता, तर हा भूतकाळ कंटाळवाणी पार्श्वभूमी ठरला असता. इथे प्रत्येक वर्ष पुरावा होऊन येतं.

२४ फेब्रुवारी २०१०ला डॉन ब्रँशो यांचा मृत्यू झाला. त्याआधीच्या खेळाचं चित्रण बऱ्याच उशिरा येतं. काम बरोबर झालं की शिट्टी वाजते आणि मासा मिळतो, असा नियम. टिलिकमला थांबण्याची शिट्टी ऐकू गेली नाही, असं एक माजी प्रशिक्षक ते चित्रण पाहून सांगतो. तो तलावाला पूर्ण फेरी मारून आला, पण मासा मिळाला नाही. हेच दृश्य आरंभी दाखवलं असतं, तर त्यातलं काहीच आपल्याला दिसलं नसतं.

बऱ्याच माहितीपटांत नावाआधी चित्रपटातलेच भडक तुकडे जोडतात. त्यातून उत्सुकता वाढते, प्रश्न तयार होत नाही. संकलकाला हे तपासता येतं: चित्रपटाविषयी काहीच माहीत नसलेल्या माणसाला फक्त ही दोन मिनिटं दाखवावीत आणि ‘आता तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?’ एवढंच विचारावं. प्रत्येकाने वेगळं काही सांगितलं, तर सुरुवात चुकली आहे.

अशा प्रश्नात धोकाही असतो. तो विचारला की प्रेक्षकाला ठाम उत्तर हवं असतं, आणि प्राण्याच्या मनातलं ठामपणे कुणालाच सांगता येत नाही. ‘ब्लॅकफिश’ आपलं उत्तर बंदिवासावर आणून ठेवतो; चित्रपट एकांगी आहे, अशी हरकत सी-वर्ल्डने घेतली. मला मात्र बंदिवासाचा युक्तिवाद पटतो. मार्च २०१६मध्ये त्याच कंपनीने ऑर्कांचं प्रजनन थांबवत असल्याचं जाहीर केलं.